टेम्पो उभा आहे, फॉर्म आवरा

मंगळवारी सकाळी पावणेबाराला मी भोसरीतल्या एका शीटमेटलच्या वर्कशॉपमध्ये मॅनेजरच्या टेबलासमोर बसले होते. शेडमध्ये सव्वीस माणसं, दोन पॉवर प्रेस, एक शिअरिंग मशीन. बाहेर माल भरलेला टेम्पो उभा, ड्रायव्हरला चलन हवंय. मॅनेजर ताईंच्या एका हातात चलनबुक, दुसऱ्या हातात फोन. फोनवर बिलिंग आणि स्टॉकच्या एका सॉफ्टवेअरचं ‘डेमो मागवा’ हे पान उघडलेलं. ज्या छोट्या कंपनीचं ते पान, तिनेच मला बोलावलं होतं. पान बघायला लोक येतात, डेमो मात्र मागत नाहीत, का ते शोधा, एवढंच काम. म्हणून मी तोंड बंद ठेवून नुसती बघत होते.

फॉर्ममध्ये अकरा रकाने होते. पहिलं नाव, आडनाव, बिझनेस ईमेल, मोबाइल, कंपनीचं नाव, पद, कामगारांची संख्या, वार्षिक उलाढाल, जीएसटी क्रमांक, आमच्याबद्दल कुठे कळलं, आणि शेवटी ‘तुमची गरज थोडक्यात लिहा’.

तिसऱ्या रकान्यात त्यांनी वर्कशॉपचा जीमेलचा पत्ता लिहिला. लाल अक्षरं आली: कृपया बिझनेस ईमेल द्या. ताई म्हणाल्या, “अहो, हाच आमचा बिझनेसचा मेल.” मग कधीतरी वेबसाइट करून देणाऱ्याने काढून दिलेला कंपनीच्या नावाचा पत्ता त्यांनी आठवून टाकला. तो पत्ता गेल्या वर्षभरात कोणी उघडलेला नाही. सातव्या रकान्यात कामगारांचा आकडा हवा होता. त्यांनी मलाच विचारलं, “कंत्राटी धरायचे का?” आठव्या रकान्यात वार्षिक उलाढाल आली आणि त्यांचा अंगठा थांबला. “उलाढाल बघून भाव सांगणार हे.” फोन टेबलावर पालथा पडला. त्यांनी चलन लिहिलं, सही केली, टेम्पो गेला. त्या पानाकडे पुन्हा कोणी पाहिलं नाही.

या बाईंना ते सॉफ्टवेअर हवं होतं. जॉबवर्कला बाहेर गेलेला माल किती परत आला, याचा हिशेब त्या गेली चार वर्षं वहीत ठेवतात आणि दर महिन्याला एक संध्याकाळ त्यात घालवतात. विकत घ्यायला तयार असलेलं माणूस पानाने दारातून परत पाठवलं. मला याचा राग येतो, आणि तो येण्यासारखाच आहे.

डेमोच्या फॉर्मचं काम एवढंच: कोणी, कोणाला, कोणत्या वेळी आणि काय दाखवायला फोन करायचा, हे ठरवणं. या चार गोष्टींपैकी एकही ज्या उत्तराने बदलत नाही, तो प्रश्न फॉर्ममध्ये नको.

हे तपासायची एक सरळ पद्धत आहे. कॅरोलिन जॅरेट या फॉर्मच्या जाणकार ब्रिटिश बाईंनी ती प्रश्नांच्या यादीसारखी मांडली आहे. प्रत्येक रकान्यासमोर लिहा: हे उत्तर आपल्यापैकी नेमकं कोण वापरतं? कशासाठी? हे उत्तर असल्याशिवाय काम अडतं का? आणि कोणी मनाला येईल ते भरलं तर काय होईल? त्याच दुपारी मी पानाचे मालक आणि त्यांचा फोन करणारा मुलगा, दोघांना समोर बसवून ही यादी अकराही रकान्यांना लावली.

आडनाव कोण वापरतं? कोणी नाही. फोनवर तो मुलगा सगळ्यांना सर किंवा मॅडम म्हणतो. नावाचे दोन रकाने एक झाले.

पद कोण वापरतं? गप्प. मालकाचा मुलगा, मॅनेजर, अकाउंटंट, स्टोअरकीपर, चौघांनाही पहिला फोन सारखाच होतो. गेलं.

कामगारांची संख्या? मालक म्हणाले, “फार छोट्या दुकानाला आमचं सॉफ्टवेअर जड पडतं, ते आधी कळावं म्हणून.” कारण खरं आहे, पण त्याची जागा फॉर्म नाही. तेच पानावर स्पष्ट लिहा: ‘दहापेक्षा कमी माणसांच्या कामाला हे सॉफ्टवेअर आम्ही सुचवत नाही.’ वाचणारा स्वतःला ओळखतो. त्याला आकडा द्यावा लागत नाही आणि तुम्हाला नकार द्यावा लागत नाही. शिवाय ताईंचा प्रश्न बरोबरच होता. कंत्राटी धरायचे की नाही हे न सांगता मागितलेला आकडा कोणाच्या उपयोगाचा नसतो.

जीएसटी क्रमांक तर चीडच आणणारा. पंधरा अक्षरं आणि आकडे, सुरुवातीला राज्याचा संकेतांक, महाराष्ट्राचा २७, गोव्याचा ३०, मग पॅन, मग आणखी तीन चिन्हं. हा क्रमांक कोणाला पाठ नसतो. तो दारावरच्या पाटीवर किंवा बिलबुकावर असतो, म्हणजे भरणाऱ्याने उठून जायचं. विचारलं का, तर “पुढे बिल करताना लागतो.” मग बिल करताना विचारा. अजून ओळखही झाली नाही, आणि तुम्ही बिलाच्या तयारीला लागलात.

कंपनीच्या नावाचा रकाना निरुपद्रवी वाटतो, म्हणून त्याची गोष्ट जरा सविस्तर सांगते. प्रवासाची तिकिटं विकणाऱ्या एक्स्पीडिया या अमेरिकी कंपनीच्या पैसे भरायच्या पानावर ‘कंपनी’ असा एक ऐच्छिक रकाना होता. काही गिऱ्हाइकांना वाटलं की आपल्या कार्डाची बँक कोणती, ते इथे लिहायचं. त्यांनी बँकेचं नाव लिहिलं आणि पुढे पत्त्याच्या जागी बँकेचाच पत्ता दिला. कार्डवाल्याच्या घरच्या पत्त्याशी तो जुळेना, व्यवहार फसायचे. गिऱ्हाईक तयार, पैसे तयार, तिकीट नाही. तो एक रकाना काढल्यावर वर्षाचा नफा सुमारे १.२ कोटी डॉलरने वाढला, असं त्या कंपनीनेच सांगितल्याचं २०१० मध्ये छापून आलं. रकाना सक्तीचा नव्हता, तरी त्याने एवढं नुकसान केलं. ‘राहू द्या, ऐच्छिक आहे’ असं म्हणणाऱ्याला मी दरवेळी ही गोष्ट सांगते.

भोसरीच्या पानावर कंपनीचं नाव काढलं. फोन लागला की पहिल्या वाक्यात ते कळतंच.

ईमेलवर वाद झाला. मालकांना भीती होती की जीमेल घेतला तर विद्यार्थी आणि उनाड लोक डेमो मागतील. मी म्हटलं, तुमची आजवरची पंधरा गिऱ्हाइकं काढा आणि त्यांचे पत्ते बघा. अकरा जीमेलचे होते. म्हणजे तुम्ही ज्यांच्यावर पोट भरता, त्यांनाच फॉर्म खोटं ठरवतो. जे नेटाने पुढे जातात, ते ताईंसारखा न उघडला जाणारा पत्ता देतात आणि तुमचं उत्तर तिथेच पडून राहतं. आपल्याकडचा छोटा धंदा मेलवर चालत नाही, फोनवर आणि व्हॉट्सअॅपवर चालतो. ईमेल पूर्ण काढला. कोटेशन पाठवायची वेळ आली की फोनवर विचारता येतो.

उलाढालीबद्दल ताई जे बोलल्या ते मी जसंच्या तसं सांगितलं. मालक म्हणाले, “पण आम्ही उलाढालीवर भाव ठरवतच नाही.” मग तर तो प्रश्न दुप्पट वाईट. जी लबाडी तुम्ही करत नाही, तिचा संशय तुम्ही स्वतःहून ओढवून घेताय. त्याऐवजी पानावर किंमत लिहा. अचूक सांगता येत नसेल तर कुठून सुरू होते ते लिहा. किंमत लपवलेली दिसली की मॅनेजर गृहीत धरतो, ती तोंड बघून ठरते.

अकरातून काय उरलं? नाव आणि मोबाइल. त्यात दोन प्रश्न आम्ही नव्याने घातले, आणि माझ्या मते पानाचा जीव त्या दोन्हींत आहे.

पहिला प्रश्न: ‘आत्ता हिशेब कशात ठेवता?’ समोर तीन मोठी बटणं: वही, एक्सेल, टॅली. खाली एक लहान: दुसरं काही. एका बोटाचं काम, टाइप काहीच करायचं नाही. या उत्तराने फोन करणाऱ्याची तयारी खरोखर बदलते. टॅलीवाल्याला पहिल्यांदा दाखवायचं की जुने लेजर आणि मालाची यादी आत कशी येते. वहीवाल्याला दाखवायचं की आजचा शिल्लक माल टाकून उद्यापासून सुरुवात कशी होते. एकाला दुसऱ्याचा डेमो दाखवला की पहिली पाच मिनिटं फुकट जातात, आणि ताईंसारख्या माणसाकडे सहावं मिनिट नसतं. ‘तुमची गरज थोडक्यात लिहा’ या कोऱ्या चौकोनातून हे कधी मिळालं नव्हतं. जुन्या नोंदी मी पाहिल्या. बहुतेक ठिकाणी लिहिलेलं होतं ‘डेमो’, काही ठिकाणी नुसतं टिंब.

दुसरा प्रश्न: ‘कधी फोन करू?’ जुन्या पानावर वेळेबद्दल काहीच नव्हतं. फॉर्म पाठवला की ‘आमचा प्रतिनिधी लवकरच संपर्क साधेल’. तो ‘लवकरच’ म्हणजे नेमका माल उतरवायच्या वेळी, नाहीतर जेवणाच्या सुट्टीत. मॅनेजर फोन कापतो, मुलगा पुन्हा लावतो, तिसऱ्यांदा मॅनेजर उचलत नाही. तीन दिवसांनी वहीत शेरा पडतो, ‘रस नाही’. रस होता. वेळ विचारली नव्हती.

आता पानावर पुढच्या सहा कामाच्या दिवसांतल्या वेळा दिसतात, दिवसाला दोन, एक सकाळची, एक दुपारी चारची. ‘उद्या किंवा परवा’ एवढंच का पुरत नाही, ते ज्याने वर्कशॉपचं ऑफिस पाहिलंय त्याला कळेल. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ भरायची शेवटची मुदत असते, २० तारखेला जीएसटीआर-३बी. दर महिन्याला विवरण भरणाऱ्यांकडे या दोन तारखांच्या आधीचे दोन दिवस सीएचे फोन येत असतात, हरवलेली बिलं शोधली जात असतात. पगाराचे दिवस वेगळे. भोसरीत पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि रविवारी मशीन चालू असतं. विकणारा मुलगा रविवारी घरी आणि गुरुवारी फोन करत बसलेला, अशी ही उलटी जोडी होती. म्हणून त्याच्या आठवड्यातला एक रविवारचा अर्धा दिवस आम्ही वेळापत्रकात घातला. मुलगा तयार झाला, बदल्यात गुरुवारची दुपार मोकळी घेतली.

रकान्यांचा क्रमही बदलला. आधी हिशेब कशात ठेवता, मग कधी फोन करू, मग नाव, शेवटी मोबाइल. नंबर शेवटी, कारण तोवर तो का हवा ते उघड झालेलं असतं. रकान्यावर ‘मोबाइल क्रमांक’ एवढंच कोरडं लिहिण्याऐवजी निवडलेली वेळच उचलून आणली: ‘शुक्रवारी ४ वाजता कोणत्या नंबरवर फोन करू?’ प्रश्न असा विचारला की नंबर देणं म्हणजे माहिती पुरवणं वाटत नाही, वेळ पक्की करणं वाटतं.

आता मांडणी. हे पान ऑफिसात मोठ्या स्क्रीनवर बघून पास केलेलं होतं. डावीकडे हसऱ्या माणसाचा मोठा फोटो, उजवीकडे फॉर्म. फोनवर तो फोटो वर येतो आणि फॉर्म खाली ढकलला जातो. ताईंना दोनदा अंगठा सरकवल्यावर पहिला रकाना दिसला होता. साध्या अँड्रॉइड फोनची रुंदी पानाच्या मापात ३६० पिक्सेलच्या आसपास भरते, आणि कीबोर्ड वर आला की उंचीतलाही मोठा तुकडा जातो. उरलेल्या पट्टीत एक प्रश्न आणि त्याचं उत्तर दिसलं पाहिजे, एवढी खरी जागा आपल्या हातात असते. फोटो काढला.

त्याजागी चार ओळी आल्या. ‘२० मिनिटांचा डेमो, मराठीत. तुमच्याच जॉबवर्कच्या एका चलनावर करून दाखवू. काही डाउनलोड करायचं नाही, फोनवर लिंक येईल. दहापेक्षा कमी माणसांच्या कामाला हे सॉफ्टवेअर आम्ही सुचवत नाही.’ त्याखाली किंमत कुठून सुरू होते ते, आणि लगेच फॉर्म. किती वेळ जाईल, कोणत्या भाषेत, माझ्या कामाचं दाखवणार की त्यांच्या कामाचं, आपल्याला परवडेल का, या शंका मिटल्याशिवाय मॅनेजर नंबर देत नाही.

प्रश्न रकान्याच्या वर लिहायचा, डावीकडे नाही आणि आत फिकट अक्षरांत तर नाहीच. आतलं फिकट लेबल टाइप करायला लागलं की नाहीसं होतं. मध्येच कोणी हाक मारली आणि दोन मिनिटांनी परत आलात, तर अर्धवट भरलेल्या चौकोनात काय विचारलं होतं ते कळायला मार्ग नसतो. ज्याला दर दोन मिनिटांनी हाक येते, त्याच्यासाठी हे पान आहे. डोळा कुठे फिरतो हे मोजून मातेओ पेन्झो यांनी २००६ साली दाखवलं होतं की लेबल वर असलं की प्रश्न आणि रकाना जवळपास एकाच नजरेत येतात. वीस वर्षं होत आली, तरी फिकट लेबलं चालूच आहेत, कारण चित्रात ती नीटनेटकी दिसतात.

नंबरच्या रकान्यात एक बारीक चूक होती, आणि तिने खरी गिऱ्हाइकं गमावली होती. पान करणाऱ्याने दहाच चिन्हांची मर्यादा घातली होती. भारतातला मोबाइल नंबर दहा आकडी, म्हणून ते योग्य वाटतं. पण कोणी +९१ लावलेला नंबर कुठून तरी उचलून चिकटवला, तर पहिली दहा चिन्हं राहतात आणि शेवटचे तीन आकडे गळतात. हा फॉर्म फक्त चिन्हं मोजत होता, त्यामुळे तक्रार न करता स्वीकारतही होता. जुन्या यादीत अधिक चिन्हाने सुरू होणारे असे तुटके नंबर निघाले. ती माणसं कोण होती ते आता कधीच कळणार नाही. दुरुस्ती एवढीच:

```html
<label for="mobile">कोणत्या नंबरवर फोन करू?</label>
<input id="mobile" name="mobile" type="tel"
       autocomplete="tel" required>
```

मर्यादा काढली. `type="tel"` मुळे आकड्यांचा कीबोर्ड वर येतो, `autocomplete="tel"` मुळे फोनमध्ये जपलेला स्वतःचा नंबर एका बोटाने भरता येतो. मधली मोकळी जागा, सुरुवातीचा शून्य, +९१, हे सगळं येऊ द्यायचं आणि साफ करायचं काम सर्व्हरने करायचं. शेवटचे दहा आकडे घ्यायचे आणि पहिला आकडा ६ ते ९ मधला आहे का ते बघायचं. गिऱ्हाइकाने नंबर तुमच्या साच्यात बसवून द्यावा, ही अपेक्षाच चुकीची आहे.

याच रकान्यात आणखी एक: अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान असलं की आयफोनवर रकान्याला हात लावताच पान मोठं होतं आणि बाजूला सरकतं. बटण किमान ४८ पिक्सेल उंच केलं, कारण वर्कशॉपमधली बोटं तेलाची असतात आणि बऱ्याचदा फक्त अंगठा मोकळा असतो. ‘सबमिट’ खोडून ‘वेळ पक्की करा’ लिहिलं. खाली उजव्या कोपऱ्यात चॅटचा गोळा तरंगत होता, तो नेमका या बटणाच्या अर्ध्या भागावर यायचा. तो या पानावरून काढला. दिवे आणि बस ओळखायला लावणारं कोडंही काढलं. यंत्राने भरलेले फॉर्म सर्व्हरवर ओळखता येतात, त्याची शिक्षा माणसाला नको.

चूक झाली तर काय, हेही पाहिलं. जुना फॉर्म चूक सापडली की पान पुन्हा उघडायचा आणि भरलेलं सगळं पुसायचा. आता चुकीच्या रकान्याच्या लगेच खाली ओळ येते: ‘नंबरात ९ आकडे आहेत, एक राहिलाय.’ बाकी भरलेलं जागच्या जागी राहतं. पत्र्याच्या शेडमध्ये नेटवर्क जातं-येतं, म्हणून बटण दाबल्यावर ‘पाठवतोय’ असं दिसतं आणि दुसऱ्यांदा दाबलं तरी वेळ एकदाच घेतली जाते.

एक चौकोन आधीच टिक केलेला होता: ‘मला नवनव्या ऑफर पाठवा’. तो मी मालकांकडून हट्टाने काढवला. डेमोसाठी दिलेला नंबर डेमोसाठीच दिलेला असतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातही संमती स्पष्ट कृतीने दिलेली आणि त्या कामापुरती असावी असंच म्हटलं आहे, आणि संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचायची सोय द्यायला सांगितली आहे. आता बटणाखाली एक ओळ आहे: ‘हा नंबर फक्त या डेमोसाठी वापरू.’ ती लिहिली की पाळावी लागते. नंतर जाहिरातीचा एक मेसेज गेला तरी ती ओळ खोटी ठरते.

शेवटचं पान बहुतेक जण विसरतात. फॉर्म पाठवल्यावर ‘धन्यवाद’ एवढंच यायचं. आता येतं: शुक्रवार, ४ वाजता, कोण फोन करणार त्याचं नाव, आणि कोणत्या नंबरवरून येईल तो नंबर. हाच मजकूर व्हॉट्सअॅपवर जातो, सोबत वेळ बदलायची लिंक. अनोळखी नंबर मॅनेजर उचलत नाहीत, आणि १४० ने सुरू होणारा दिसला की जाहिरात समजून कापतातच. नंबर आधी माहीत असला की फोन उचलला जातो. सकाळी अडचण आली तर लिंकवरून वेळ बदलली जाते, फोन चुकवला जात नाही.

या सगळ्याला मर्यादा आहेत, त्या मी मालकांना आधीच सांगितल्या. फॉर्म छोटा केला की काही बिनकामाचे लोकही येतील. फोन करणारा एकच मुलगा आहे, तो दिवसाला दोनच डेमो नीट करू शकतो. म्हणून वेळाच तेवढ्या दाखवल्या. गर्दी झाली तर वेळा संपतील, पण प्रश्न वाढवायचे नाहीत. ज्या सॉफ्टवेअरची किंमत लाखांत आहे आणि बसवायला महिने लागतात, तिथे पहिल्या फोनआधी जास्त माहिती लागते, हेही खरं. पण ती दुसऱ्या पायरीवर, वेळ पक्की झाल्यानंतर आणि ऐच्छिक ठेवून विचारता येते.

आणि मोजायचं काय? मालकांना दोन पानं समोरासमोर ठेवून कोणतं जिंकतं ते बघायचं होतं. त्यांच्या पानावर महिन्याला तीनएकशे लोक येतात आणि नऊ-दहा फॉर्म भरले जातात. एवढ्या आकड्यात नऊचे बारा झाले तर तो निव्वळ योगायोगही असू शकतो. अशी शर्यत मोठ्या गर्दीच्या पानांना परवडते. छोट्याने दोन गोष्टी बघाव्यात. एक, कोणत्या रकान्याला शेवटचा हात लागून पान सोडलं गेलं. दोन, ठरलेल्या वेळांपैकी किती वेळा डेमो खरोखर झाला. भरलेल्या फॉर्मची संख्या हा मोहात पाडणारा आकडा आहे. झालेला डेमो खरा. आणि या दोन्हींपेक्षा जास्त शिकवतं ते पाच गिऱ्हाइकांच्या टेबलाशेजारी गप्प बसून बघणं.

दोन आठवड्यांनी मी नवीन पान घेऊन ताईंकडे गेले. याही वेळी टेम्पो होता, पण रिकामा, माल भरायचा होता. त्यांनी उभ्या-उभ्याच ‘वही’ दाबलं, शुक्रवार चार निवडला, नाव लिहिलं, नंबर फोननेच भरून दिला. मग फोन खिशात टाकून त्या माल मोजायला गेल्या.

शुक्रवारी मी त्या मुलाच्या शेजारी बसले. ताईंनी चौथ्या रिंगला फोन उचलला, “हं, बोला, चलन समोर घेतलंय.” मुलाने त्या चलनातला माल आत टाकून दाखवला आणि परत आलेल्या नगांची वजाबाकी स्क्रीनवर झाली. ताई एकदम मोकळ्या झाल्या. सव्वीस माणसं आहेत, त्यातली नऊ कंत्राटी. कोटिंगला बाहेर जाणारा माल हीच मोठी डोकेदुखी. गेल्या वर्षी किती काम झालं आणि यंदा किती वाढेल तेही त्यांनीच सांगितलं. सॉफ्टवेअरबद्दल सीएच्या ऑफिसात ऐकलं होतं, हेही बोलता बोलता आलं. मुलगा भराभर लिहून घेत होता.

चार वाजून बारा मिनिटं झाली होती. जुन्या फॉर्मने विचारलेलं जवळजवळ सगळं त्याच्या वहीत आलं होतं, आणि यातलं काहीही त्याने विचारलं नव्हतं.